तळटीपेतली शेवंता

पीएच.डी.च्या प्रबंधात पानाच्या तळाशी अशी एक ओळ आहे असं समजू: ‘शेवंता (नाव बदलले आहे), वय 47, माजी उपसरपंच, मुकादमाची विधवा भावजय; मुलाखत 14 डिसेंबर 2023, अमुक साखर कारखान्याचा तळ.’ ओळ मी रचलेली आहे, पण या वळणाच्या तळटीपा प्रबंध चाळणाऱ्या कुणालाही अनोळखी वाटणार नाहीत. संशोधकाने नाव बदललं, बदलल्याचं प्रामाणिकपणे नोंदवलं, आणि तेवढ्यावर त्याचं मन निवांत झालं. पण तिच्या गावात ही ओळ कुणी मोठ्याने वाचली, तर ‘शेवंता’पाशी कुणी थांबणारही नाही. माजी उपसरपंच, मुकादमाची भावजय, त्या हंगामात त्या कारखान्यावर गेलेली, अशी बाई गावात एकच. तिने मुलाखतीत उचलीच्या हिशेबाबद्दल जे सांगितलं, ते दिराच्या कानावर गेलं की पुढच्या हंगामात तिला कोयता मिळेल का, हा प्रश्न प्रबंधाच्या परिघाबाहेरचा मानला जातो. तो तसा नाही.

पुस्तकाचा संदर्भ देणं सोपं असतं. लेखक, पुस्तक, प्रकाशक, वर्ष, पान एवढं दिलं की शंका असलेला वाचक ग्रंथालयात जाऊन ते पान उघडू शकतो. मुलाखतीला असं कपाट नसतं. तिच्या तळटीपेला एकाच वेळी दोन उलट कामं करावी लागतात. मुलाखत खरोखर झाली, अमुक काळात झाली, तिचं रेकॉर्डिंग जपून ठेवलेलं आहे आणि उद्धृत केलेलं वाक्य त्यात सापडतं, हे परीक्षकाला पटलं पाहिजे. आणि त्याच तळटीपेचा माग काढत कुणी शेवंताच्या दारात पोचता कामा नये. पहिल्या कामासाठी तपशील लागतो, दुसऱ्यासाठी तपशील आवरावा लागतो. सगळी गोम या ओढाताणीत आहे.

पूर्वी ही ओढाताण फारशी जाणवत नसे, कारण प्रबंध वाचतो कोण? विद्यापीठाच्या ग्रंथालयात काळ्या किंवा मरून बांधणीची एक प्रत धूळ खात पडलेली असायची. आता मान्य झालेला प्रबंध इन्फ्लिबनेटच्या ‘शोधगंगा’ या भांडारात जातो आणि प्रकरणागणिक पीडीएफ कुणालाही फुकट उघडता येते. तालुक्याच्या गावातला पुतण्या मोबाइलवर स्वतःच्या गावाचं नाव टाकून शोधू शकतो. वाचक फक्त तीन परीक्षक, असं धरून लिहिलेली तळटीप आता चालत नाही.

नाव झाकण्याचं वचन किती खोलवर जातं याचा सगळ्यात कडू धडा आयर्लंडच्या निमित्ताने मिळाला. अमेरिकेतल्या बॉस्टन कॉलेजने 2001 ते 2006 या काळात उत्तर आयर्लंडमधल्या सशस्त्र संघटनांच्या माजी सदस्यांच्या मुलाखती रेकॉर्ड करून घेतल्या. आयआरएचे लोक होते तसे विरुद्ध बाजूच्या संघटनांचेही होते. बोलणारा जिवंत असेपर्यंत टेप बाहेर येणार नाही, असं त्यांना सांगण्यात आलं. टेपांवर नावाऐवजी इंग्रजी अक्षर होतं आणि कुठलं अक्षर म्हणजे कोण ही यादी वेगळी ठेवायची होती. कागदावर सगळं चोख. मात्र ही गुप्तता अमेरिकन कायदा परवानगी देईल तेवढीच टिकेल, हे वाक्य मुलाखत देणाऱ्यांशी झालेल्या करारात नव्हतं. दोन दिवंगत सहभागींच्या मुलाखतींवर आधारलेलं पुस्तक 2010 साली निघालं आणि 2011 साली ब्रिटिश सरकारच्या विनंतीवरून अमेरिकेत समन्स निघाले. तपास होता 1972 सालच्या जीन मॅकॉनव्हिल यांच्या अपहरण आणि हत्येचा. कोर्टकचेरीनंतर काही टेप पोलिसांच्या हाती गेल्याच. पुढे आयव्हर बेल यांच्यावर खटला चालला, तेव्हा सरकारी पक्षाचं म्हणणं होतं की टेपमधला ‘झेड’ म्हणजे बेलच. 2019 मध्ये न्यायालयाने टेप पुरावा म्हणून नाकारले आणि बेल सुटले. पण तोपर्यंत एका अक्षराचा बुरखा भर कोर्टात ओढला गेला होता.

आपल्याकडच्या ऊसतोड मजुरावर किंवा वीटभट्टीवरच्या कुटुंबावर प्रबंध लिहिणाऱ्याला परदेशी समन्स येणार नाही. पण संशोधकाच्या हातात नसलेलं वचन त्याने देऊ नये, एवढं या प्रकरणातून त्याने घ्यायलाच हवं. ‘तुमचं नाव कधीच कुणाला कळणार नाही’ हे वाक्य संमतीपत्रात लिहिणं म्हणजे आपल्या कुवतीबाहेरचं बोलणं. ‘मी तुमचं नाव लिहिणार नाही, कुणाला सांगणार नाही, रेकॉर्डिंग कुलूपबंद ठेवीन, पण कोर्टाने मागितलं तर माझा इलाज चालणार नाही, आणि गावातल्या माणसाने तुमच्या बोलण्यावरून ओळखलं तर तेही मला थांबवता येणार नाही’ हे खरं आहे. ऐकून एखादी बाई बोलायचं नाही म्हणेल. तिने नाही म्हणावं यासाठीच तर विचारायचं असतं.

आता शेवंताची मुलाखत पहिल्यापासून नीट घेऊ. बीडकडची ही बाई हंगामात पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यावर आहे, तळावर कोपी आहे, पहाटे फडात जाते, संध्याकाळी चूल पेटल्यावर थोडी मोकळी असते. संमतीपत्र समोर ठेवलं की पहिली अडचण सुरू होते. उचल घेताना कुठल्या तरी कागदावर अंगठा दिलेल्या माणसाला आणखी एका कागदावर अंगठा द्यायला सांगायचं, म्हणजे बोलण्याआधीच भीती घालायची. म्हणून अशा ठिकाणी तोंडी संमती घेतात. मजकूर साध्या भाषेत वाचून दाखवायचा, तिने काय विचारलं आणि काय उत्तर दिलं ते रेकॉर्ड करायचं. मात्र हे संमतीचं रेकॉर्डिंग मुलाखतीच्याच फाइलच्या सुरुवातीला ठेवायचं नाही. त्यात ती स्वतःचं पूर्ण नाव, गाव उच्चारते. मग संकेतांक घातलेल्या फाइलच्या पहिल्या मिनिटातच सगळं उघडं पडतं. संमतीची फाइल वेगळी, मुलाखतीची वेगळी, आणि दोन्ही वेगळ्या जागी ठेवायच्या.

दुसरं म्हणजे संमती एकच नसते. बोलायला तयार असणं वेगळं, रेकॉर्डरला तयार असणं वेगळं. तिचे शब्द जसेच्या तसे प्रबंधात छापायला, फोटो लावायला, पुढे हे रेकॉर्डिंग एखाद्या संग्रहालयात ठेवून दुसऱ्या अभ्यासकाला ऐकू द्यायला, प्रत्येकाला वेगवेगळं हो किंवा नाही असू शकतं. मुलाखत झाल्यावर पुन्हा विचारायला हवं, कारण आपण काय बोलून गेलो हे माणसाला बोलून झाल्यावरच कळतं. मागे घेण्याची मुदतही सांगायला हवी. प्रबंध विद्यापीठात सादर होईपर्यंत फोन करून ‘माझं तेवढं काढा’ म्हणता येईल, त्यानंतर नाही, असं स्पष्ट बोललेलं बरं.

मग नाव बदलायचं. हे काम वरवर चुटकीसरशी होणारं वाटतं, पण मराठी मुलखात नावाला बरीच शेपटं असतात. आडनावातून जात आणि बऱ्याचदा गाव कळतं, त्यामुळे बदललेल्या नावाला आडनाव लावूच नये. दुसऱ्याच जातीचं आडनाव लावलं तर वाचक उतारा चुकीच्या चष्म्यातून वाचतो आणि विश्लेषणच वाकडं होतं. जात मांडणीसाठी आवश्यक असेल तर ती एकेका माणसाला न चिकटवता गटाची म्हणून सांगता येते. पिढीचं भान ठेवावं लागतं, साठीच्या बाईला ‘श्रेया’ म्हणता येत नाही. त्याच तळावर किंवा गावात खरीखुरी दुसरी शेवंता नाही ना, हेही बघायचं. नाहीतर बोललं एकीने आणि दोष दुसरीवर, असा प्रकार होतो.

‘तुम्हीच एखादं नाव सुचवा’ असं विचारण्याची चांगली पद्धत आता रुळते आहे. त्यातही आपल्याकडे एक खाच आहे. लग्नात नाव बदललेल्या बायका पुष्कळदा हौसेने माहेरचं नाव सुचवतात. संशोधकाला ते नवं नाव वाटतं, सासरच्या आणि माहेरच्या दोन्ही गावांना मात्र ते पाठ असतं. आईचं किंवा मुलीचं नाव सुचवलं तरी तेच. अशा वेळी कारण सांगून दुसरं नाव मागायला संकोच करू नये.

तरीही खरी ओळख नावातून कमी आणि आजूबाजूच्या तपशिलातून जास्त फुटते. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ नॅन्सी शेपर-ह्यूज यांनी आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका गावाला ‘बॅलिब्रान’ असं बनावट नाव देऊन 1979 साली पुस्तक लिहिलं. माणसांची नावं बदलली होती, काहींचे तपशील एकमेकांत मिसळले होते. बाहेरच्या एका पत्रकाराने गाव शोधून काढलं, आणि गावकऱ्यांना तर पुस्तकात कोण कुठे आहे हे शोधावंही लागलं नाही. वीस वर्षांनी त्या परत गेल्या तेव्हा गावाने त्यांना निघून जायला सांगितलं. बनावट नाव दूरच्या वाचकाला चकवतं, शेजाऱ्याला नाही. आणि धोका बहुतेक वेळा शेजारीच असतो.

म्हणून शेवंताची तळटीप मी अशी लिहीन: ‘शेवंता (बदललेले नाव), ऊसतोड मजूर, वय चाळिशीत, संशोधकाने प्रत्यक्ष घेतलेली मुलाखत, पश्चिम महाराष्ट्रातील एका साखर कारखान्याचा तळ, गाळप हंगाम 2023–24, मराठी, ध्वनिमुद्रण, संकेतांक ऊ-07, 00:31:10.’ वय दशकात आलं, तारखेचा हंगाम झाला, कारखान्याचा भाग झाला. कारखान्याचं नाव आणि नेमका दिवस जुळवला की तळावर त्या संध्याकाळी रेकॉर्डर घेऊन कोण कुणाच्या कोपीत बसलं होतं, हे मुकादमाला आठवतं. उपसरपंचपद आणि दिराचं नातं गेलं. ते मांडणीत आलंच पाहिजे असं असेल, तर ‘काही बायकांचं मुकादमाशी जवळचं नातं होतं’ असं सर्वसाधारण वाक्य वेगळ्या ठिकाणी घालता येतं, शेवंताच्या उताऱ्याला न जोडता.

पुरावा मात्र कमी झालेला नाही. ऊ-07 हा संकेतांक आणि एकतीस मिनिटं दहा सेकंद ही वेळ मिळाली की संशोधक ती फाइल लावून तेच वाक्य ऐकवू शकतो. परीक्षकाने शंका काढली तर विद्यापीठाच्या नियमात बसेल तसं मार्गदर्शकासमोर पडताळून दाखवता येतं. त्यासाठी फाइलचं नाव पहिल्या दिवसापासून शिस्तीत हवं. मोबाइल आपोआप देतो ते नाव, किंवा घाईत दिलेलं ‘शेवंताबाई बीड नवीन’ असलं काही, तसंच ठेवायचं नाही. असं काहीतरी करावं:

```
U07_2023-24_A.wav
U07_2023-24_A_utara.docx
```

इथे ए म्हणजे पहिली बैठक. U07 म्हणजे कोण, हे सांगणारी एकमेव यादी वेगळ्या जागी, पासवर्डमागे किंवा कुलपात, आणि क्लाउडवर आपोआप चढणार नाही अशी. मुलाखतीच्या फाइली आणि ही यादी एकाच पेनड्राइव्हवर असतील तर संकेतांक देण्याचा काही उपयोग राहत नाही.

प्रत्येक तळटीपेत न येणारा पण पद्धतीच्या प्रकरणात यायलाच हवा असा एक तपशील आहे, आणि तो बहुतेक जण गाळतात: मुलाखतीच्या वेळी आणखी कोण हजर होतं. पहिली वीस मिनिटं मुकादमाचा माणूस तंबाखू मळत कोपीच्या दारात बसला होता आणि मग उठून गेला, असं असेल तर विसाव्या मिनिटाच्या आधीचं ‘आमचा मुकादम चांगला हाय’ आणि एकतिसाव्या मिनिटाचा उचलीचा हिशेब यांचं वजन सारखं नाही. मिनिटांची नोंद परीक्षकासाठी तर असतेच, पण असा फरकही तीच दाखवून देते. भाषेचंही तसंच. प्रबंध इंग्रजीत असला तर भाषांतर कुणी केलं ते लिहावं आणि महत्त्वाच्या उताऱ्याचं मूळ मराठी जवळ द्यावं. बोली साफसूफ करून प्रमाण मराठीत आणली असेल तर तेही सांगावं. कधी ती ओळख लपवण्यासाठी मुद्दाम करावी लागते, पण न सांगता केली तर ती फेरफार ठरते.

संदर्भसूचीत मुलाखत कुठे जाते, यावरून विद्यार्थ्यांचे बरेच गोंधळ होतात. उत्तर पद्धतीगणिक बदलतं. एपीएच्या सातव्या आवृत्तीनुसार आपल्याच संशोधनात सहभागी झालेल्यांच्या मुलाखती संदर्भसूचीत येतच नाहीत. त्या आपल्या निष्कर्षांचा भाग असतात, मजकुरात बदललेल्या नावाने उद्धृत होतात आणि कशा घेतल्या ते पद्धतीच्या प्रकरणात येतं. शिकागो पद्धतीत अप्रकाशित मुलाखत सहसा तळटीपेतच असते, आणि नावं परस्परसंमतीने गाळल्याचं एकदा सांगितलं की ‘आरोग्य कर्मचाऱ्याची मुलाखत’ एवढंही चालतं. एमएलए मात्र मुलाखतीची नोंद सूचीत घेते. कुठलीही पद्धत खरं नाव सक्तीने मागत नाही, हे लक्षात ठेवावं. ‘गाईड म्हणतात यादी लागते’ असं असेल तर संकेतांकांची यादी द्यावी.

संग्रहात ठेवलेल्या मौखिक इतिहासाची गोष्ट निराळी. दिल्लीच्या तीन मूर्ती भवनातल्या संग्रहात स्वातंत्र्यचळवळीतल्या कार्यकर्त्यांच्या मुलाखतींचे लेखी उतारे आहेत. तिथे बोलणाऱ्याने आपलं बोलणं नावानिशी इतिहासात जमा होणार हे माहीत असतानाच बोललेलं असतं. त्यांचा संदर्भ पुस्तकासारखा पूर्ण द्यायचा: बोलणाऱ्याचं नाव, मुलाखत कुणी घेतली, तारीख, उताऱ्याचा क्रमांक, संग्रहाचं नाव.

इथेच आणखी एक अडचण उभी राहते, आणि माझ्या मते तिच्याबद्दल आपल्या विद्यापीठांत फार कमी बोललं जातं. सगळ्यांची नावं झाकणं हा सुरक्षित मार्ग वाटतो, पण तो नेहमी न्यायाचा नसतो. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना भेटून 1989 साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक केलं. त्यातल्या बायका आपापल्या नावाने उभ्या आहेत. त्या जागी ‘कार्यकर्ती 1’, ‘कार्यकर्ती 2’ असं छापलं असतं, तर ज्या बायकांना इतिहासाने आधीच बिननावाचं ठेवलं होतं त्यांना पुन्हा एकदा तसंच ठेवल्यासारखं झालं असतं. संपात तुरुंगात गेलेला गिरणी कामगार ‘माझं नाव घाला’ म्हणत असेल, तर ‘आमच्या समितीच्या नियमात बसत नाही’ हे उत्तर त्याच्या तोंडावर फेकायचा संशोधकाला काय अधिकार? त्याचं नाव द्यावं. फक्त त्याच्या नावामुळे आणखी कुणी उघडं पडत नाही ना, तेवढं पाहावं. भावाचं नाव दिलं की बदललेल्या नावामागची बहीण आपोआप कळते.

एकाच माणसाचा गौरवाचा भाग खऱ्या नावाने आणि नाजूक भाग बदललेल्या नावाने देण्याचा मोह होतो. ते करता येतं, पण मग मुलाखतींची संख्या फुगते. तीस माणसं बत्तीस दिसतात. तसं केलं असेल तर ‘काही व्यक्ती एकाहून अधिक नावांनी आल्या आहेत’ असं पद्धतीच्या प्रकरणात लिहावं. कोण, ते अर्थातच लिहू नये.

आणि एवढी सगळी काळजी घेऊनही प्रबंध फुटतो तो बहुधा शेवटच्या पानांतून. परिशिष्टात सह्या-अंगठ्यांसकट स्कॅन केलेली संमतीपत्रं जोडलेली असतात, ती खऱ्या नावांनी. मुलाखत दिलेल्यांची यादी असते, गाव आणि फोन नंबरसह. ऋणनिर्देशात ज्या मावशींनी तळावर नेलं त्यांचे नावगावासह आभार असतात. फोटोखाली ‘डावीकडून दुसऱ्या’ असतं. परिशिष्टात संमतीपत्राचा कोरा नमुना पुरतो. भरलेले कागद संशोधकाकडे कुलपात राहतात.

तेव्हा प्रबंध जमा करायच्या आदल्या दिवशी एक काम करा. कुलपातली ती खऱ्या नावांची यादी काढा, अंतिम पीडीएफ उघडा आणि प्रत्येक नाव, आडनाव, गाव आणि फोन नंबर `Ctrl+F` दाबून एकेक करून शोधा. स्कॅन केलेल्या पानांत शोध चालत नाही, ती पानं डोळ्यांनी वाचा. एकही सापडलं तर छपाई थांबवा. शोधगंगेवर चढलेली प्रत परत उतरवून घेणं फार जड जातं.